लाल पेनच्या खुणांवरून गेलेले गुण कसे शोधावेत

दहावीच्या पूर्वपरीक्षेतला विज्ञान भाग 1 चा पेपर हातात पडला की नजर आधी वरच्या कोपऱ्यात जाते. 40 पैकी 27 दिसतात आणि पेपर दप्तरात जातो. राहिलेले 13 गुण कुठे गेले ते आतल्या पानांवर लाल शाईत असतं, पण अर्धंच. वर्गभराचा गठ्ठा तपासताना शिक्षक चूक जिथे आहे तिथे बोट ठेवतात. चूक कशामुळे झाली हे प्रत्येक पेपरवर लिहायला त्यांना वेळ नसतो, ते आपल्याला काढायचं आहे.

आधी हिशेब जुळवा

बऱ्याच शाळा पालकांची सही घेऊन पेपर परत मागतात, म्हणून पुरवणीसकट सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. मग समासातले गुण स्वतः बेरजेला घ्या. अर्धे गुण बेरजेत सुटतात, आणि पुरवणीतलं शेवटचं उत्तर तपासायचं राहून गेलेलं असू शकतं. तफावत असेल तर त्याच दिवशी शिक्षकांना दाखवा. पेपरवर स्वतःचं पेन मात्र लावू नका.

आता कोऱ्या कागदावर प्रत्येक उपप्रश्नापुढे तीन आकडे लिहा: किती गुणांचा, किती मिळाले, किती गेले. ‘कोणतेही पाच सोडवा’ अशा प्रश्नात सोडवलेलेच धरा. कमी सोडवले असतील तर तेवढे गुण ‘लिहिलंच नाही’ अशा वेगळ्या ओळीत टाका. शेवटच्या रकान्याची बेरीज 13 आली पाहिजे. ती येत नसेल, तर एखादा गेलेला गुण नजरेतून सुटला आहे.

खूण कुठे आहे ते पाहा

लाल खुणांची ठरलेली लिपी नसते. एक सर चुकीच्या शब्दाखाली रेघ मारतात, तर दुसऱ्या बाई बरोबर मुद्द्याखालीच रेघ ओढतात. त्यामुळे पूर्ण गुण मिळालेलं एखादं उत्तर आधी बघा. तिथे रेघ आणि बरोबरची खूण कशी वापरली आहे ते कळलं की बाकीचा पेपर वाचता येतो. बरोबरची खूण म्हणजे एक गुण, असं धरू नका. 2 गुणांच्या उत्तरात एक खूण बहुतेकदा अर्ध्या गुणाच्या मुद्द्याची असते.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे जिथे लाल काहीच नाही, पण समासात 2 पैकी 1 आहे. लिहिलेलं चुकलेलं नाही, काहीतरी लिहायचंच राहिलं आहे, असा त्याचा अर्थ. असं उत्तर घरी वाचलं की ‘सगळं बरोबर तर आहे’ असं वाटतं आणि शिक्षकांनी हात आखडता घेतल्याचा राग येतो.

काहीतरी लिहायचं राहून गेल्याचं एक उदाहरण बघू. प्रश्न 2 गुणांचा, शास्त्रीय कारण लिहा: थंड प्रदेशात हिवाळ्यात जलवाहिन्या फुटतात. उत्तर असं आहे: ‘थंड प्रदेशात हिवाळ्यात खूप थंडी असते. त्यामुळे पाण्याचा बर्फ होतो आणि जलवाहिन्या फुटतात.’ ‘बर्फ होतो’च्या डोक्यावर बरोबरची खूण आहे, पुढे ‘का?’ असं लिहिलंय आणि गुण अर्धा.

प्रश्नातले शब्द उत्तरातून खोडून बघा. ‘थंड प्रदेश’, ‘हिवाळा’, ‘जलवाहिन्या फुटतात’ हे सगळं प्रश्नातच होतं. ते वजा केलं की मुलाचं स्वतःचं एकच वाक्य उरतं, पाण्याचा बर्फ होतो. अर्धा गुण त्याचाच. बर्फ झाला म्हणून वाहिनी का फुटावी, हा मधला दुवा उत्तरात नाही. म्हणून कागदावर गेलेल्या गुणांचं कारण लिहिताना ‘अभ्यास कमी’ असं लिहू नका. ‘दीड गुण गेला, कारण पाणी गोठताना आकारमान वाढतं आणि त्याचा दाब पडतो हे लिहिलं नाही’ असं पूर्ण वाक्य लिहा.

मग दुरुस्त उत्तर असं होतं: ‘पाण्याचे तापमान 4°C च्या खाली गेले की ते आकुंचन न पावता प्रसरण पावते. यालाच पाण्याचे असंगत आचरण म्हणतात. थंड प्रदेशात तापमान 0°C च्या खाली गेल्यावर जलवाहिनीतील पाणी गोठते व त्याचे आकारमान वाढते. या वाढीला वाहिनीत जागा नसल्याने आतून मोठा दाब पडतो व जलवाहिनी फुटते.’ चार वाक्यं, आणि प्रत्येकात पुढची पायरी आहे. गाईडमधलं उत्तर उतरवून काढलं तर हीच गोष्ट हातून निसटते: उत्तर लांबतं, पण आपल्याकडे कोणता दुवा नव्हता ते कळत नाही.

गणितात पहिली चूक शोधा

3 गुणांचं उदाहरण: बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 20 सेमी, 2 सेमी उंचीची वस्तू भिंगापासून 30 सेमीवर. प्रतिमेचे अंतर व उंची काढा. मुलाने u = 30 घेतलं आणि v = 12 सेमी आणलं. ‘30’भोवती लाल गोल आहे, खालच्या ओळींवर एकच लांब रेघ आणि गुण 1, तोही दिलेली माहिती आणि सूत्र यांचा.

लांब रेघ पाहून ‘आकडेमोड चुकली’ असं वाटतं. ती तपासा: 1/20 + 1/30 = 5/60 = 1/12. आकडेमोड चोख आहे! चूक एकच, तीही गोलातली. चिन्ह संकेतानुसार वस्तूचं अंतर ऋण, म्हणजे u = –30. तेव्हा 1/v = 1/20 – 1/30 = 1/60, म्हणून v = 60 सेमी. विशालन v/u = –2, म्हणून प्रतिमेची उंची –4 सेमी. प्रतिमा वास्तव, उलटी आणि दुप्पट मोठी. या मुलाला भागाकाराची दहा उदाहरणं दिली तर वेळ वाया जाईल. सूत्रात आकडे घालण्याआधी प्रत्येक अंतरासमोर चिन्ह लिहिण्याची सवय त्याला लावायला हवी.

ही चूक पेपर लिहितानाही पकडता आली असती. 30 सेमी हे अंतर नाभीय अंतर 20 आणि त्याची दुप्पट 40 यांच्या मधलं आहे. अशा वेळी प्रतिमा पलीकडे 40 सेमीच्याही पुढे पडते, त्यामुळे 12 येणं शक्यच नाही. दुरुस्त उत्तराखाली हा पडताळाही एका ओळीत लिहून ठेवा.

पुन्हा काय लिहायचं

पर्याय निवडण्यातली चूक पुन्हा लिहून काही साधत नाही, तिथे बरोबर पर्याय का बरोबर एवढं एक वाक्य पुरे. ज्या उत्तरात एक किंवा त्याहून जास्त गुण गेले तेवढीच निवडा, असे प्रश्न साधारण पाच-सहा निघतील. मूळ उत्तर आणि पुस्तक मिटून, फक्त कारणाचं वाक्य समोर ठेवून लिहा. मग प्रश्नातले शब्द पुन्हा खोडा आणि उरलेली वाक्यं मोजा. 2 गुणांना दोनच वाक्यं उरत असतील तर दुवा अजून सुटतोय.

आकृतीत नावं नसणं, एकक विसरणं, ‘फरक स्पष्ट करा’मध्ये डावीकडे उपयोग आणि उजवीकडे रचना लिहिणं, यांसाठी सगळं उत्तर पुन्हा लिहायची गरज नाही. चुकलेली ओळ तेवढी दुरुस्त करा.

तीन-चार दिवसांनी तेच प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवा. ‘का?’ किंवा गोल जिथे होता, तिथेच पुन्हा अडलात तर तो कागद आणि मूळ पेपर शेजारी ठेवून शिक्षकांना विचारा. ‘माझे गुण का कापले’ असं न विचारता ‘इथे कोणतं वाक्य हवं होतं’ असं विचारा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत मिळतं.