एका खेपेला किती खोकी मागवावीत? सूट आणि गाडीभाडे धरून केलेला हिशेब

चिवड्याच्या एका छोट्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. माल भरायला महिन्याला १,००० खोकी लागतात, म्हणजे वर्षाला १२,०००. (इथे खोके म्हणजे खरोखरच पुठ्ठ्याचे.) मालक दर महिन्याला १,००० मागवतो. खोकीवाला सांगतो, "शेठ, एकदम ५,००० उचला, भाव कमी लावतो." उचलावीत का?

खोकीवाल्याचा भाव असा आहे: २,००० च्या आत घेतली तर नगाला २६ रुपये, २,००० ते ४,९९९ घेतली तर २५ रुपये आणि ५,००० च्या पुढे २४.८० रुपये. ही सूट सगळ्या नगांवर आहे की फक्त वरच्या नगांवर, हे आधी विचारून घ्या. आपल्या उदाहरणात ती सगळ्या नगांवर आहे. जीएसटीचा परतावा मिळत असेल, तर भाव जीएसटी वगळून धरायचा.

आता गाडी. भाडे आपण भरतो. छोट्या टेम्पोत १,८०० खोकी बसतात आणि एका फेरीचे १,५०० रुपये होतात. मोठ्या टेम्पोत ४,००० बसतात, भाडे २,७००. टेम्पो अर्धा रिकामा आला तरी भाडे तेवढेच, म्हणून ते नगावर वाटायचे नाही, खेपेवर टाकायचे. उलट हमाल नगामागे पैसे घेत असेल, तर ती हमाली खोक्याच्या भावात मिळवायची, कारण खेपा कमी केल्या तरी ती वाचत नाही. ही वाटणी चुकली की पुढचे सगळे आकडे चुकतात. ऑर्डर देणे, माल मोजून घेणे, बिल तपासणे यांचा खेपेमागे ३०० रुपये खर्च धरू. म्हणजे छोट्या टेम्पोची खेप १,८०० रुपयांना पडली आणि मोठ्याची ३,००० रुपयांना.

तिसरा खर्च साठवणीचा, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. माल पडून राहिला की त्यात अडकलेल्या पैशावर व्याज चढते, गोदामाची जागा जाते, पावसाळ्यात खालचा थर ओल धरतो. आपण महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के धरू. २५ रुपयांचे खोके वर्षभर ठेवायला ६ रुपये लागतात. माल एकदम येतो आणि हळूहळू संपतो, म्हणून गोदामात सरासरी अर्धीच खेप असते. ३,००० मागवली तर सरासरी साठा १,५०० चा.

खेप मोठी केली की भाडे वाचते आणि साठवण वाढते. या दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी जिथे होते, त्या संख्येला इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी म्हणतात. फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने हे सूत्र १९१३ मध्ये मांडले. वर्षाची गरज गुणिले खेपेचा खर्च गुणिले दोन, त्याला एका नगाच्या वार्षिक साठवणीने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. २५ चा भाव आणि मोठा टेम्पो धरून एक्सेलमध्ये असे लिहा:

```
=SQRT(2*12000*3000/6)
```

उत्तर ३,४६४. आता दोन गोष्टी तपासायच्या: ही संख्या २५ रुपयांच्या भावात बसते का, आणि धरलेल्या गाडीत मावते का. दोन्हींची उत्तरे होय. एखाद्या भावाचे उत्तर त्या भावाच्या पट्ट्यात किंवा गाडीत बसलेच नाही, तर पट्ट्याच्या किंवा गाडीच्या जवळच्या काठावरची संख्या घ्यायची. २६ रुपये आणि छोटा टेम्पो धरला तर सूत्र २,६३१ सांगते, पण टेम्पोत १,८०० च मावतात, म्हणून तिथे १,८०० धरायची. २४.८० च्या भावाला सूत्राचे उत्तर ५,००० च्या खालीच येते, म्हणून तिथे ५,००० धरायची.

इथे खरी गोम आहे. ५,००० खोकी एका मोठ्या टेम्पोत मावत नाहीत. सोबत छोटा टेम्पो करावा लागतो. भाडे ४,२००, खेपेचा खर्च ४,५००. आता प्रत्येक पर्यायाचा वर्षाचा पूर्ण खर्च मांडू: मालाची किंमत, खेपांचा खर्च आणि साठवण.

- दर महिन्याला १,०००, छोटा टेम्पो: ३,१२,००० + २१,६०० + ३,१२० = ३,३६,७२०
- १,८००, छोटा टेम्पो भरून: ३,१२,००० + १२,००० + ५,६१६ = ३,२९,६१६
- ३,४६४, मोठा टेम्पो: ३,००,००० + १०,३९२ + १०,३९२ = सुमारे ३,२०,७८५
- ५,०००, दोन टेम्पो: २,९७,६०० + १०,८०० + १४,८८० = ३,२३,२८०

म्हणजे ५,००० ची सूट घेतली तर वर्षाला सुमारे २,५०० रुपये जास्तच जातात. गंमत अशी, की भाडे डोळे झाकून खेपेला २,७०० धरले असते, तर याच ५,००० चा खर्च ३,१९,६८० दिसला असता आणि सूट फायद्याची वाटली असती. वीस पैशांच्या सुटीने मालात २,४०० रुपये वाचतात. पण मोठ्या साठ्याची साठवण त्याहून जास्त वाढते, आणि दुसऱ्या टेम्पोमुळे भाड्यातही बचत होत नाही. सुटीच्या पायरीवर पोचण्यापूर्वी गाडीची पायरी कुठे आहे ते बघा.

३,४६४ हा आकडा मात्र कोणी ऑर्डरमध्ये लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. ३,००० मागवली तर वर्षाचा खर्च ३,२१,०००, आणि ४,००० मागवली तरी नेमका तेवढाच. उत्तराच्या आसपास खर्चाची रेषा जवळजवळ सपाट असते. मी ३,००० घेईन: तीन महिन्यांचा माल, वर्षाला चार खेपा आणि कमी ओल. खोक्यावर छपाई असेल तर हे जास्तच खरे. पत्ता किंवा वजन बदलले की उरलेला साठा रद्दीत जातो, आणि तो धोका २४ टक्क्यांत धरलेला नसतो. महिन्याला १,००० मागवणाऱ्या आपल्या मालकाचे यात वर्षाला १५,७२० रुपये वाचतात.

खप वर्षभर सारखा असेल तरच हे सूत्र चालते. दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत खप दुप्पट होत असेल, तर त्या काळाची खेप वेगळी ठरवा. आणि खोकीवाला दुसऱ्यांच्या मालाबरोबर आपला माल पाठवून नगामागे भाडे लावत असेल, तर भाडे भावात जाते, खेपेचा खर्च ३०० च उरतो आणि उत्तर पार बदलते. वर्षाअखेरीस भाड्याच्या पावत्या मोजा. खेपा चार आणि पावत्या सात निघाल्या, तर गाडीत मावणाऱ्या संख्येचा आपला अंदाज चुकला होता.

राहिली खोकीवाल्याची ऑफर. ५,००० साठी एका रुपया भावामागे वर्षाला १२,००० माल आणि ६०० साठवण, म्हणजे १२,६०० रुपये लागतात, वर खेपांचे १०,८००. ही बेरीज ३,२१,००० च्या खाली यायची, तर भाव २४.६१ किंवा कमी हवा. तेव्हा त्याला "परवडत नाही" म्हणू नका. २४.५० मागा, आणि २४.६० वर थांबला तर हिशेब बरोबरीत सुटतो, मग गोदामात जागा आहे का ते पाहून ठरवा.