ऑटोपेची अनोळखी रिक्वेस्ट आली तर आधी काय बघायचं

परवा आमच्या काकांच्या फोनवर, ऐन आंबा पेट्या भरायच्या गडबडीत, यूपीआय ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी मागणारी, रिक्वेस्ट आली, त्यांना वाटलं गिऱ्हाईकाचे पैसे आले, पिन टाकणारच होते. पैसे यायला पिन लागत नाही हो, पिन मागितला म्हणजे आपलेच जाणार.

रिक्वेस्ट उघडून नाव तर बघाच, पण खरी गोष्ट त्याच्या खाली असते:

१. रक्कम. काकांनी एका व्हिडिओ अ‍ॅपची ५ रुपयांची ट्रायल घेतलेली, मँडेटमध्ये, म्हणजे त्या परवानगीत, मात्र "up to ₹999". म्हणजे दर वेळी ९९९ पर्यंत काढायची परवानगी.
२. किती वेळा. Monthly असेल तर कळतं तरी, "As Presented" असेल तर ते मागतील तेव्हा.
३. शेवटची तारीख. वर्षाचा प्लॅन आणि मुदत पुढची वीसेक वर्षं, असं असेल तर का ते आधी विचारा.

तिन्ही गोष्टी आपण स्वतः घेतलेल्या प्लॅनशी जुळल्या, उदा. एसआयपी किंवा विम्याचा हप्ता, तरच अप्रूव्ह. नाहीतर सरळ डिक्लाइन, खरी असेल तर परत पाठवतील.

आधीच हो म्हटलं असेल तर यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेत जाऊन रद्द करा. नुसतं अ‍ॅप डिलीट करून मँडेट जात नाही, आणि पुढचे हप्ते साधारण १५,००० पर्यंत पिन न विचारताच कापतात, म्हणून आदल्या दिवशी येणारा मेसेज वाचत जा.