क्रिप्टोत वर्षअखेर तोटा, तरीही कर: हिशेबातल्या या चुका टाळा

निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला विचारा. एका गाडीत फायदा झाला, दुसरीत खोट आली, तर वर्षअखेर दोन्ही एकत्र करून जे उरतं त्यावर तो कर भरतो. आपल्या भागात धंद्याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या असाच होत आला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची तरुण मुलं मोबाइलवर बिटकॉइन, इथर घेऊ लागली, तेव्हा त्यांनी हीच सवय तिथंही नेली. पण आयकर कायद्यानं क्रिप्टोला ही मुभा दिलेली नाही. रिटर्नमधल्या बहुतेक चुकांचं मूळ इथंच आहे.

नियम थोडक्यात असा. १ एप्रिल २०२२ पासून कलम ११५ बीबीएच लागू झालं. आभासी डिजिटल मालमत्ता, म्हणजे क्रिप्टो नाणी, एनएफटी वगैरे, हस्तांतरित करून झालेल्या फायद्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. नाणं चार दिवस ठेवलं काय आणि चार वर्षं ठेवलं काय, दर तोच. विक्रीच्या रकमेतून फक्त खरेदीची किंमत वजा होते. तोटा मात्र कशातूनच वजा होत नाही. दुसऱ्या नाण्याच्या फायद्यातून नाही, शेअरच्या फायद्यातून नाही, पगारातून नाही, आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. मार्च २०२२ मध्ये सरकारनं लोकसभेत लेखी उत्तर देऊन एका क्रिप्टोचा तोटा दुसऱ्या क्रिप्टोच्या फायद्यातून वळता करता येणार नाही, हे स्पष्ट केलं. त्यामुळे यात पळवाट शोधण्यात अर्थ नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक: ‘कन्व्हर्ट’ला विक्री न समजणं

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशिनवर काम करणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून गोल केलेत. त्यानं ऑक्टोबर २०२४ मध्ये एक लाखाचा बिटकॉइन घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत १,८०,००० झाली. त्या वेळी त्यानं ॲपवर ‘कन्व्हर्ट’ दाबून तो सगळा इथरमध्ये बदलला. बँकेत एक रुपयाही आला नाही. पुढं इथर पडला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये घाबरून त्यानं तो ९०,००० ला विकला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. “काका, एक लाख घातले, नव्वद हजार आले. दहा हजार गेलेत माझे. आणि वर टॅक्स कसला भरायचा?”

कायद्याच्या नजरेनं इथं दोन व्यवहार आहेत. बिटकॉइन देऊन इथर घेणं हे बिटकॉइनचं हस्तांतरण आहे. खरेदी १,००,०००, मोबदला १,८०,०००, फायदा ८०,०००. दुसरा व्यवहार इथरचा. त्याची खरेदी किंमत १,८०,०००, विक्री ९०,०००, तोटा ९०,०००. हा तोटा शून्य धरला जातो. उरले पहिल्या व्यवहाराचे ८०,०००. त्यावर ३० टक्के म्हणजे २४,००० आणि सेस ९६०. एकूण कर २४,९६० रुपये. दहा हजार गमावलेल्या माणसाला जवळपास पंचवीस हजार कर.

मला हा नियम कठोर वाटतो, आणि तो बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे. पण रिटर्न आजच्या कायद्यानं भरायचं असतं, उद्याच्या अपेक्षेवर नाही.

त्यानं ऑगस्टमध्ये बिटकॉइन तसाच ठेवला असता, तर त्या वर्षी हा कर लागलाच नसता. रुपयात पैसे काढले असते, तर निदान कर भरायला रोकड हातात राहिली असती. म्हणून एका नाण्यातून दुसऱ्यात उडी मारताना, किंवा मधल्या पायरीला डॉलरशी बांधलेल्या यूएसडीटी नाण्यात जाताना, आधी मनाशी प्रश्न विचारा: आत्ता किती फायद्यावर कर लागतोय? त्या फायद्याचे ३१.२ टक्के त्याच दिवशी रुपयात बाजूला काढा. किंमत पुढं पडली तरी तो कर माफ होत नाही.

बारा लाखांपर्यंत कर नाही, मग यावर कसा?

हा प्रश्न यंदा फार ऐकू येतो. वरच्या मुलाचा वर्षाचा पगार ४,८०,०००. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ४,०५,००० उरतात. चार लाखांच्या वरच्या पाच हजारांवर ५ टक्के म्हणजे २५० रुपये कर, आणि कलम ८७ ए च्या सवलतीत तोही शून्य होतो. इथपर्यंत त्याचं बरोबर. पण ही सवलत स्लॅबच्या दरानं निघालेल्या करापुरतीच आहे. २०२५-२६ पासून खास दरानं लागणाऱ्या कराला ती मिळत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे त्याचे २४,९६० जसेच्या तसे राहतात.

याच गैरसमजातून काहीजण आईच्या नावानं खातं उघडतात. आईला दुसरं उत्पन्न नाही, चार लाखांपर्यंत सूट आहे, असा विचार असतो. क्रिप्टोच्या फायद्याला ही मूळ सूट लागू नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के. बायकोच्या नावानं स्वतःचे पैसे घातले, तर फायदा पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो.

फॉर्ममध्ये नेमकं काय चुकतं

क्रिप्टोचा व्यवहार असेल तर आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ चालत नाही. पगारदाराला आयटीआर-२ आणि धंदा असणाऱ्याला आयटीआर-३ लागतो. त्यात Schedule VDA नावाचा स्वतंत्र तक्ता आहे. प्रत्येक ओळीत घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख, उत्पन्नाचा प्रकार, खरेदी किंमत, मोबदला आणि उत्पन्न भरायचं. उत्पन्नाच्या रकान्यातच सूचना आहे की तोटा असेल तर शून्य लिहा. आपल्या उदाहरणात दोन ओळी येतील. पहिलीत शेवटी ८०,०००, दुसरीत शून्य. खाली बेरीज ८०,०००.

चूक ओळखायची सोपी खूण हीच. तक्त्यात एकच ओळ असेल आणि खरेदी एक लाख, मोबदला नव्वद हजार लिहिलं असेल, तर वर्षाचा हिशेब एकत्र केला गेला आहे. एक्स्चेंजच्या ॲपवर पहिल्या पानावर दिसणारा नफा-तोटा असाच एकत्र असतो. तो आकडा रिटर्नमध्ये टाकू नका. ॲपमधून प्रत्येक व्यवहाराची फाईल उतरवून घ्या आणि तिच्यात कन्व्हर्टच्या ओळी आहेत की नाहीत ते बघा. किंमत यूएसडीटीत असेल, तर त्या दिवशीच्या रुपयातल्या किमतीत आणा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे हा फायदा Schedule CG मध्ये, शेअरच्या भांडवली नफ्याशेजारी टाकणं. तिथं सॉफ्टवेअर शेअरचा तोटा आपोआप वजा करतं, कर कमी दिसतो आणि भरणाऱ्याला बरं वाटतं. क्रिप्टोच्या फायद्यातून कोणताच तोटा वजा होत नाही, एफ अँड ओचा सुद्धा नाही. उत्पन्नाचा प्रकार ‘धंदा’ निवडला तरी यात फरक पडत नाही. इंटरनेटचं बिल, लॅपटॉप, विकताना एक्स्चेंजनं कापलेली फी, यातलं काही खर्च म्हणून चालत नाही.

एआयएसमधला मोठा आकडा

एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे पोचलेल्या आपल्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक, उघडल्यावर या मुलाला धक्का बसला होता. क्रिप्टोवरच्या टीडीएसच्या कलम १९४ एस खाली २,७०,००० रुपये दिसत होते. ते उत्पन्न नाही. १,८०,००० आणि ९०,००० हे दोन मोबदले मिळून तो आकडा झाला. त्यावर १ टक्क्यानं २,७०० रुपये टीडीएस कापलेला आहे. बँकेत ९०,००० ऐवजी ८९,१०० आले, त्याचं कारणही तेच. कापलेले पैसे वाया गेलेले नसतात. ते कर म्हणून जमा होतात, पण रिटर्नमध्ये मागावे लागतात. २४,९६० मधून २,७०० गेले की २२,२६० भरायचे राहतात.

उलट चूकही होते. ‘एक टक्का कापलाय की, म्हणजे टॅक्स झाला’ असं समजून अनेकजण क्रिप्टो रिटर्नमध्ये दाखवतच नाहीत. मोबदल्याची नोंद खात्याकडे आधीच पोचलेली असते, त्यामुळे हे लपत नाही. आपलं पॅन बेळगावचं असो की कोल्हापूरच्या सीएकडून रिटर्न भरलेलं असो, हा केंद्राचा कर आहे आणि हिशेब सगळीकडे सारखाच.

टीडीएस वजा करून दहा हजारांवर कर उरत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. ऑगस्टमध्ये फायदा झाला, म्हणजे १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चचे हप्ते हातात होते. काहीच भरलं नाही आणि जुलैत रिटर्नसोबत पैसे भरले, तर कलम २३४ बी खाली दरमहा १ टक्क्यानं चार महिन्यांचे साधारण ८९० रुपये व्याज होतं. हप्ते चुकल्याचं २३४ सी चं व्याज वेगळं.

चुकीचं रिटर्न भरून झालं असेल तर

आधी रिव्हाइज्ड रिटर्नची मुदत शिल्लक आहे का ते बघा. असेल तर फॉर्म बदलून, Schedule VDA ओळीनिशी भरून, फरकाचा कर आणि व्याज भरा. मुदत गेली असेल तर अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, भरता येतं. करनिर्धारण वर्ष संपल्यानंतर पहिल्या बारा महिन्यांत भरलं, तर कर आणि व्याज मिळून जी रक्कम होते तिच्यावर २५ टक्के जादा. दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के. आयटीआर-यूमधून कर कमी करता येत नाही की परतावा वाढवून मागता येत नाही. म्हणून न मागितलेला टीडीएस परत मिळवण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

नोटीस आधीच आली असेल, तर पोर्टलवरच्या e-Proceedings मध्ये मुदतीत उत्तर द्या. उत्तरासोबत व्यवहारांची फाईल जोडा आणि प्रत्येक ओळीचा फायदा किंवा शून्य वेगळा दाखवा. ‘मला तोटा झाला’ एवढंच लिहून पाठवलेलं उत्तर टिकत नाही, कारण तोटा झाला की नाही हा तिथला प्रश्नच नसतो. कुठल्या तारखेच्या व्यवहारात फायदा झाला आणि त्यावरचा कर भरला का, एवढंच तपासलं जातं.