प्री-ऑर्डर आणि वेटलिस्ट: मोजकाच माल विकत असाल तर या चुका टाळा

माझ्या वहिनी रावेर तालुक्यात केळीच्या धाग्याच्या पिशव्या करतात. घड उतरवल्यावर जे खोड बांधावर कुजत पडायचं, त्याच्या सोपटांतून धागा निघतो. तो धुवायचा, वाळवायचा, पिळायचा आणि मग विणायचा. वहिनी धरून पाच जणी हे काम करतात. एका बॅचमध्ये २४ पिशव्या होतात आणि त्याला साधारण तीन आठवडे जातात. पावसाळ्यात वेळ जास्त लागतो, कारण धाग्यात ओल राहिली की पिशवीवर बुरशीचे काळे ठिपके येतात. विणकामातलं मला काही कळत नाही. जळगावात बसून वूकॉमर्सवरचं दुकान सांभाळणं एवढंच माझं काम, आणि खालच्या चुकाही माझ्याच.

साठ्याचा आकडा उणे झाला

श्रावणात पहिली बॅच संपली. गिऱ्हाईक परत जायला नको म्हणून मी वस्तूच्या Inventory टॅबमध्ये Allow backorders? या पर्यायात Allow, but notify customer निवडलं. याला मी प्री-ऑर्डर समजत होतो. माल संपला तरी पैसे घेत राहायचे, एवढंच त्या पर्यायाला कळतं. आठवडाभरात नऊ जणांनी पैसे भरले आणि साठ्याचा आकडा उणे ९ झाला.

मग दुसरी बॅच आली. वहिनींनी फोनवर सांगितलं, "चोवीस झाल्या." मी साठ्याच्या चौकटीत २४ टाकले आणि जुना उणे ९ पुसला गेला. साइटला वाटलं, सगळ्या २४ विकायला मोकळ्या आहेत. दोन दिवसांत त्या विकल्या गेल्या आणि मी खूश! पार्सलं बांधायला बसल्यावर हिशेब लागला. आधीच्या नऊ आणि नव्या चोवीस अशा ३३ पिशव्या द्यायच्या होत्या. त्यात चोवीसपैकी दोनचे बंद कच्चे निघाले, म्हणजे हाती २२ उरल्या. अकरा कमी पडल्या. त्यातल्या नऊ मी पुसलेल्या आकड्यामुळे आणि दोन तपासणीच्या आधीच आकडा टाकल्यामुळे.

चौकटीत टाकायला हवा होता तो आकडा असा निघतो:

```
तपासून फळीवर ठेवलेले नग − पैसे आलेले पण न पाठवलेले नग
२२ − ९ = १३
```

न पाठवलेले नग मोजायला ऑर्डरच्या यादीत Processing ही स्थिती लावून बघा. साठा नसताना घेतलेल्या ऑर्डरमध्ये वस्तूच्या नावाखाली Backordered असं लिहिलेलं दिसतं. एक मेख आहे. पार्सल कुरिअरला देऊनही ऑर्डर Completed करायची राहिली असेल, तर ती इथे उगीच मोजली जाते आणि उत्तर कमी येतं. त्यामुळे आधी पाठवलेल्या ऑर्डरी बंद करायच्या, मग मोजायचं. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डरही Processing मध्येच येते. पैसे हातात नसले तरी ती पिशवी दिलेलीच धरा.

अशी गडबड झाली आहे का, हे ओळखणं सोपं आहे. फळीवरचे नग मोजा, त्यातून न पाठवलेले वजा करा आणि आलेला आकडा साइटवरच्या साठ्याशी ताडून बघा. साइटवरचा आकडा मोठा असेल, तर जेवढा फरक तेवढ्या पिशव्या तुम्ही हवेत विकल्या आहेत किंवा विकणार आहात. विक्री त्याच क्षणी थांबवा.

त्या अकरा जणांना मी स्वतः फोन केले. सात जण थांबायला तयार झाले, चौघांचे पैसे परत केले. धुळ्याच्या एका काकू त्यानंतर रोज सकाळी फोन करून विचारायच्या, "मन्ही पिशवी कव्हय येई?" त्यांचा नंबर मी अजून त्याच नावाने सेव्ह ठेवला आहे.

आता बॅकऑर्डर कायमचं Do not allow वर आहे, कारण त्याला खालची मर्यादाच नाही. उणे ९ चा उणे ९० व्हायलाही ते कोणाला विचारणार नाही. प्री-ऑर्डरसाठी मी वेगळी वस्तू तयार करतो. तिच्या नावातच बॅचचा महिना असतो, वर्णनाच्या पहिल्या ओळीत पाठवण्याची तारीख असते आणि साठा असतो १६. होणाऱ्या पिशव्या २४, पण दोन-तीन तपासणीत जाणार आणि चार-पाच वेटलिस्टवाल्यांसाठी राखायच्या. सोळा संपल्या की बटण आपोआप बंद होतं. या पद्धतीची एक अडचण सांगून ठेवतो. कोणी तयार कोस्टर आणि पुढच्या बॅचची पिशवी एकाच ऑर्डरमध्ये घेतली, तर कोस्टर महिनाभर अडकतो, नाहीतर कुरिअरचा खर्च दोनदा होतो. मी वर्णनातच लिहितो की दोन्ही एकत्र, पिशवीच्या तारखेला निघतील.

एक पिशवी परत आली आणि निरोप गेले ६१ जणांना

माल आला की कळवा, अशी यादी ठेवणारी प्लगइन बरीच आहेत. त्यातल्या बहुतेकांचा कान साठ्याच्या आकड्याला लागलेला असतो. शून्याचा एक झाला की यादीतल्या सगळ्यांना ईमेल. हजारो नगांच्या दुकानात हे चालून जातं.

आमच्याकडे कॅश ऑन डिलिव्हरीची एक पिशवी गिऱ्हाइकाने न घेतल्याने परत आली. मी ऑर्डर Cancelled केली, वूकॉमर्सने ती पिशवी साठ्यात परत जोडली, आकडा एक झाला आणि ६१ जणांना कळलं की माल आलाय. पहिल्या माणसाने ती दहा मिनिटांत घेतली. बाकीचे साठ जण साइटवर आले आणि 'संपले' वाचून गेले. त्यांच्यापैकी काहींनी त्यानंतर आमचा एकही ईमेल उघडला नाही, आणि त्यात त्यांची चूक काढता येणार नाही.

म्हणून आपोआप जाणारा निरोप बंदच करा. प्लगइनमध्ये किमान साठ्याची अट असेल तर ती लावा, नसेल तर यादी उतरवून हाताने पाठवा. साठ-सत्तर नावांना अर्धा तास पुरतो.

हाताने पाठवतानाही सगळ्यांना एकदम पाठवायचं नाही. पुढे एका बॅचमध्ये तेरा पिशव्या विकायला मोकळ्या होत्या, त्यांचं मी असं केलं. वस्तूची Catalog visibility आधी Hidden केली. अशी वस्तू दुकानाच्या पानावर किंवा शोधात दिसत नाही, पण थेट लिंक असेल तर विकत घेता येते. मग ज्यांनी सगळ्यात आधी नाव नोंदवलं होतं अशा २६ जणांना, म्हणजे नगांच्या दुप्पट लोकांना, लिंक पाठवली. सोबत स्पष्ट लिहिलं की पिशव्या तेरा आहेत, लिंक सव्वीस जणांना दिली आहे आणि उद्या सकाळी दहाला पुढच्यांना कळवू. सकाळपर्यंत सात गेल्या. उरलेल्या सहासाठी पुढच्या बारा जणांना लिंक दिली, त्यात पाच गेल्या. शेवटची एक दुकानात सगळ्यांसाठी उघडी केली. राहिलेल्या २३ जणांना त्याच दिवशी पुढच्या बॅचच्या प्री-ऑर्डरची लिंक गेली, इतरांच्या दोन दिवस आधी. यादीतल्या नंबराला काही अर्थ आहे, हे लोकांना तेव्हा कळलं.

दुप्पट हे प्रमाण म्हणजे सुरुवातीचा अंदाज. दोन बॅच झाल्या की निरोप मिळालेल्यांपैकी किती जण खरंच घेतात, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. मोठ्या आणि महाग वस्तूला तिप्पट नावंही लागू शकतात.

यादीत नावच लागत नाही, किंवा निरोपच पोचत नाही

वेटलिस्ट सुरू करून महिना झाला आणि नाव एकही नाही, असं असेल तर प्लगइनला बोल लावण्याआधी एक खूण तपासा. WooCommerce → Settings → Products → Inventory मध्ये Hide out of stock items from the catalog वर टिक असेल, तर संपलेली वस्तू दुकानातून गायब होते. मग 'मला कळवा'चं बटण कोणाला दिसणार? ती टिक काढा.

व्हॉट्सॲपवर यादी ठेवणाऱ्यांची अडचण वेगळी. ब्रॉडकास्ट लिस्टचा निरोप फक्त त्यांनाच मिळतो, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण त्यातल्या ज्यांनी नंबर सेव्ह केला नाही, त्यांच्यापर्यंत काहीच जात नाही आणि तुम्हाला तसं कळवलंही जात नाही. निरोपाच्या माहितीत तो कोणाला पोचला याची नावं दिसतात, ती बघा. नाव नोंदवताना "हा नंबर सेव्ह करा, नाहीतर निरोप येणार नाही" ही ओळ पाठवा.

तारीख देताना

'दिवाळीपूर्वी' ही तारीख होत नाही. पिशवी आमच्याकडून कधी निघणार आणि तिकडे कधी पोचणार, हे दोन दिवस वेगळे लिहा. सुरतेला आणि गुवाहाटीला लागणारे दिवस सारखे नसतात. आम्ही उन्हाळ्यात तीन आठवड्यांवर एक आठवडा जास्त धरतो आणि जून ते सप्टेंबर दोन.

याला कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे, सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे उशीर झाला तर ही अट लागू होत नाही, पण पावसाळ्यात धागा वाळला नाही, हे कारण त्यात बसवायला मी धजणार नाही. पाऊस दरवर्षी येतो. खरेदीच्या संमतीची चौकट आधीच टिक करून ठेवायलाही याच नियमांत मनाई आहे. तोच न्याय लावून 'माल आल्यावर कळवा' या चौकटीतही टिक गिऱ्हाइकालाच करू द्या.

उशीर होणार हे वहिनींना धागा वाळतानाच कळतं, मला मात्र पूर्वी तारीख उलटल्यावर कळायचं. आता दर सोमवारी त्या एक फोटो पाठवतात: दोरीवर वाळत घातलेला धागा आणि शेजारी विणून झालेल्या पिशव्या. दहाव्या दिवशी फोटोत आठापेक्षा कमी पिशव्या दिसल्या, तर मी प्री-ऑर्डरवाल्यांना त्याच संध्याकाळी नवी तारीख कळवतो आणि पैसे परत हवे असतील तर 'परत' एवढंच लिहा म्हणतो.