पॉलिट्रॉपिक प्रक्रिया: कार्य आणि उष्णता काढताना या चुका टाळा

सिलिंडरमध्ये कोंडलेल्या 1 किलो हवेचे 1 बार, 27 °C या स्थितीपासून 6 बारपर्यंत संपीडन झाले आणि घातांक n = 1.3 आहे, असे समजू. हवेसाठी R = 0.287, cv = 0.718 kJ/kg·K आणि γ = 1.4 घेऊ.

पहिली चूक तापमानातच होते. सूत्रात 27 भरले, तर अंतिम तापमान जेमतेम 41 अंश येते. केल्विनमध्ये मात्र उत्तर असे येते:

T2 = 300 × 6^(0.3/1.3) = 453.6 K

म्हणजे सुमारे 180 °C. आता कार्य:

W = R(T1 − T2)/(n − 1) = 0.287 × (−153.6)/0.3 ≈ −146.9 kJ

येथे छेदात γ − 1 लिहिण्याची सवय पुष्कळांना असते. ते सूत्र केवळ रुद्धोष्म प्रक्रियेचे आहे. n = 1 असेल, तर याच सूत्रातून 0/0 मिळते, म्हणून तेथे लॉगरिदमचे सूत्र वापरावे.

खरी गफलत उष्णतेच्या चिन्हात होते. तापमान 153.6 अंशांनी वाढले, त्या अर्थी हवेला उष्णता मिळाली असणार, असे गृहीत धरून Q धन लिहिला जातो. पण अंतर्गत ऊर्जेतील वाढ 0.718 × 153.6 ≈ 110.3 kJ एवढीच आहे आणि हवेवर केलेले कार्य त्याहून अधिक आहे. उरलेली ऊर्जा सिलिंडरच्या भिंतीतून बाहेर गेलेली असते.

Q = ΔU + W = 110.3 − 146.9 ≈ −36.6 kJ

घातांक 1 आणि γ यांच्या दरम्यान असेपर्यंत असेच घडते: वायू तापतो आणि तरीही उष्णता गमावतो. या पट्ट्यातील पॉलिट्रॉपिक विशिष्ट उष्मा ऋण असतो, हे विचित्र वाटले तरी बरोबर आहे. उत्तर पडताळण्यासाठी Q = W(γ − n)/(γ − 1) हे सूत्र हाताशी ठेवावे; येथे त्यातून कार्याचा एक चतुर्थांश, म्हणजे −36.7 येतो, आणि दशांशातला किरकोळ फरक केवळ पूर्णांकनामुळे पडतो.

कॉम्प्रेसरच्या गणितात आणखी एक घोटाळा होतो, आणि तो पकडणे सर्वांत कठीण, कारण आकडे दिसायला ठीकच असतात. अखंड प्रवाहातील शाफ्टचे कार्य, गतिज व स्थितिज ऊर्जेतील बदल नगण्य मानल्यास, बंद प्रणालीतील कार्याच्या n पट असते, म्हणजे प्रतिकिलो सुमारे −191 kJ. त्याच्याशी ΔU जोडल्यास Q ≈ −80.7 येतो, जो चुकीचा आहे. प्रवाहासाठी एन्थाल्पीतील बदल घ्यावा लागतो: 1.005 × 153.6 ≈ 154.4, आणि त्यातून 191 वजा केल्यावर पुन्हा −36.6 मिळतात. दोन्ही मार्गांनी उष्णता एकच आली नाही, तर बंद आणि प्रवाही प्रणालींची सूत्रे कोठेतरी मिसळली आहेत, असे समजावे.