केसांच्या रंगाचे ‘आधी-नंतर’ फोटो: एडिट कुठवर चालतं

फोन कुठलाही चालेल. दोन्ही फोटोंना खुर्ची तीच, कोन तोच, केस कोरडे आणि विंचरलेले. ‘आधी’च्या फोटोत तेलकट, विस्कटलेले केस आणि ‘नंतर’च्या फोटोत ब्लो-ड्राय, हा रंगाचा फरक नव्हे. पोर्ट्रेट मोड, ब्युटी फिल्टर बंद.

उजेडासाठी खिडकी पुरे, पण सलूनचे पिवळे दिवे मालवा. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसरीकडून पिवळा दिवा असेल, तर तो फोटो नंतर कशानेही सुधारत नाही. पिवळी बाजू बरी केली की दुसरी निळी पडते.

आता खरी अडचण: व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून फोटोची पिवळी-निळी छटा जुळवणं. ब्लीच आणि टोनर धरून चार-पाच तास सहज जातात. सकाळी अकराला खिडकीतून आलेला उजेड संध्याकाळी तसा राहत नाही, पिवळसर होतो. त्यात फोन स्वतःच्या अंदाजाने प्रत्येक फोटोची छटा बदलतो. म्हणजे एडिट करावंच लागतं. पण ते कशाच्या आधारावर, इथेच मी स्वतः फसले होते.

एका ताईंचे केस लेव्हल ५ वरून ८ वर आणले, उरलेला पिवळेपणा मारायला जांभळ्या छटेचं टोनर लावलं. काम छान झालं होतं. ‘आधी’च्या फोटोत त्यांच्या खांद्यावर पांढरा टॉवेल होता. पांढरं म्हणजे पांढरं, असं समजून मी Lightroom मध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टॉवेलवर टेकवला. फोटो पाहून ताई म्हणाल्या, “अगं, माझे केस इतके पिवळे कधी होते?”

नव्हतेच. आमचे टॉवेल निळीत बुडवलेले असतात. ड्रॉपरने तो निळसर रंग पांढरा मानला, निळा कमी केला आणि अख्खा फोटो पिवळा करून ठेवला. ‘नंतर’च्या फोटोत काळा एप्रन होता, तिथे ड्रॉपर लावलाच नव्हता. फरक जेवढा होता त्याच्या दुप्पट दिसत होता, तोही माझ्या फायद्याचा. मुद्दाम केलं नव्हतं, पण बघणाऱ्याला ते कसं कळणार?

झेरॉक्सचा कागदही नको. तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन असतं, खिडकीच्या उजेडात तो निळसर झळकतो. फोटोग्राफीच्या दुकानात ग्रे कार्ड मिळतं, कुठल्याही रंगाची झाक नसलेलं राखाडी कार्ड, तेच घ्या. दोन्ही वेळा हनुवटीखाली, केसांवर पडतो त्याच उजेडात धरा आणि फोटोच्या कडेला दिसू द्या.

मग प्रत्येक फोटोत ड्रॉपर त्या-त्या फोटोतल्या कार्डावर लावा. ‘एका फोटोची सेटिंग कॉपी करून दुसऱ्यावर पेस्ट करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. उजेड बदललेला असेल तर तो चूक आहे. सारखी यायला हवी ती कार्डाची छटा, स्लायडरचा आकडा नव्हे. समजा संध्याकाळच्या फोटोत कार्डाचे आकडे लाल १७०, हिरवा १६०, निळा १४२ आहेत. ड्रॉपर लावल्यावर तिन्ही जवळजवळ सारखे व्हायला हवेत. ‘आधी’च्या फोटोतही तसंच, आणि कार्ड तेवढंच उजळ दिसेपर्यंत एक्स्पोजर जुळवा. हे राहिलं तर काळोखा ‘आधी’ आपोआप निस्तेज दिसतो.

शेवटी मानेची कातडी पाहा. तिला आपण रंग लावलेला नाही, मग ती एका फोटोत पिवळी आणि दुसऱ्यात गुलाबी का? दिसलीच तर कार्डावर सावली पडली होती किंवा भिंतीचा रंग उतरला होता. आमची एक भिंत पीच रंगाची आहे, तिच्याजवळ मी आता फोटो काढतच नाही.

अख्ख्या फोटोवर लागू होणारं हे एवढंच एडिट मला मान्य आहे. फक्त केस निवडून त्यांची छटा किंवा सॅच्युरेशन हलवलं, की ते टोनरचं काम बोटाने केल्यासारखं झालं. क्लायंटला रंग कसा दिसेल हे दाखवायला केलेला नमुना ठेवायचा असेल, तर फोटोवरच ‘फोटोत बदललेला रंग, प्रत्यक्ष काम नाही’ असं लिहा. खाली कॅप्शनमध्ये नको. फोटो पुढे जातो तेव्हा कॅप्शन मागे राहते.

जमलं तर सहा आठवड्यांनी तिसरा फोटो काढा, त्याच कार्डासह. टोनर धुऊन जातं आणि पिवळेपणा परत डोकावतो. मी हा फोटो लावायला लागल्यापासून नवीन बायका आधी किंमत विचारत नाहीत, पुन्हा टोनर कधी करावं लागेल ते विचारतात.