सेल्फ-ड्राइव्ह की घरची गाडी? हिशेबातल्या या चुका टाळा

सुट्टीचा बेत ठरला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “आपली गाडी आहे ना दारात, फक्त पेट्रोलचा खर्च.” दुसरा फोन पुढे करतो, “ही बघ, स्वतः चालवायची भाड्याची गाडी, चोवीसशे रुपये रोज.” दोघांचाही हिशेब अर्धाच असतो.

पुणे ते मालवण, चार माणसं, तीन दिवस, तिथल्या फिरण्यासकट ९०० किलोमीटर असं धरू. घरची पेट्रोल हॅचबॅक लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये, म्हणजे ६० लिटरचे ६,३०० झाले. इथेच थांबणं ही पहिली चूक. २०,००० रुपयांचे चार टायर ४०,००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरमागे ५० पैसे तेच खातात. टायर, सर्व्हिसिंगचे साठेक पैसे आणि वाढत्या रनिंगमुळे विकताना कमी होणारी किंमत मिळून किलोमीटरमागे अडीच रुपये धरावेत. म्हणजे आणखी २,२५०, एकूण ८,५५०. कर्जाचा हप्ता आणि विम्याचा वार्षिक हप्ता मात्र यात घालू नका, गाडी दारात उभी राहिली तरी ते भरायचेच असतात.

आता भाड्याची तशीच गाडी. तीन दिवसांचे ७,२०० आणि नुकसानीचा आपल्यावरचा बोजा मर्यादित ठेवणाऱ्या डॅमेज वेव्हरचे रोज ३५०, म्हणजे १,०५०. रोजची मर्यादा २५० किलोमीटर असेल तर ७५० होतात, वरच्या १५० किलोमीटरचे दहा रुपयांनी १,५००. पेट्रोल बहुतेक वेळा आपलंच, ६,३००. बेरीज १६,०५०. टोल दोन्हीकडे सारखाच. एवढ्या अंतराला घरची गाडी साडेसात हजारांनी स्वस्त पडते.

डिपॉझिट या बेरजेत नाही, कारण ते परत मिळायचं असतं. पूर्ण मिळेल असं गृहीत मात्र धरू नका. फास्टॅगचा टोल, उशिराचा दंड, नंतर आलेलं ई-चलान आणि कमी भरलेलं पेट्रोल त्यातूनच कापतात. पेट्रोलवरून वाद जास्त होतात. ४० लिटरच्या टाकीला आठ काड्यांचा काटा असेल तर एक काडी साधारण पाच लिटरची, म्हणजे सव्वापाचशे रुपयांची. ताबा घेताना आणि परत देताना काटा व किलोमीटर एकाच फोटोत घ्या. घाबरून परतताना टाकी फुल्ल करू नका. घेतली तेवढ्याच काड्यांवर आणून द्या. जास्त भरलेल्याचे पैसे परत देणारे थोडेच असतात.

सगळ्यात महाग पडते ती वेव्हरला विमा समजण्याची चूक. वेव्हर फक्त तुमच्या खिशावरचा बोजा ठरावीक रकमेवर थांबवतो. मर्यादा ५,००० असेल आणि बंपरचं बिल १८,००० झालं, तर तुम्ही ५,००० देता. पण टायर, रिम, गाडीचं पोट, हरवलेली चावी, चुकीचं इंधन या गोष्टी बऱ्याच करारांत वगळलेल्या असतात. करूळ किंवा फोंडा घाटातला खड्डा नेमका टायरला आणि पोटालाच लागतो! शिवाय गाडी गॅरेजमध्ये जितके दिवस उभी, तितक्या दिवसांचं भाडंही काही जण मागतात. बुकिंगआधी वगळलेल्या गोष्टींची यादी तेवढी वाचा. कुणाची नावं चालक म्हणून नोंदली आहेत तेही बघा. मेव्हण्याला मध्येच स्टिअरिंग दिलं आणि त्याचं नाव नसलं, तर वेव्हर गेलाच समजा.

नंबरप्लेटही बघा. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही म्हणून विमा कंपनी दावा नाकारू शकते.

घरच्या गाडीचं नुकसानही फुकट दुरुस्त होत नाही. बदललेल्या भागांवर घसारा न कापणारी झिरो डेप पॉलिसी असली तरी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात सक्तीचे १,००० रुपये आपले जातात, आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीला, म्हणजे नो क्लेम बोनसला, पुढच्या वर्षी कात्री लागते. तो ५० टक्क्यांपर्यंत पोचला असेल तर चार हजारांच्या डेंटसाठी दावा न करणंच बरं.

भाड्याची गाडी जिंकते ती लांबचं अंतर रेल्वेने कापल्यावर. मुंबईकरांना मालवण जाऊन-येऊन फिरण्यासकट साधारण ११५० किलोमीटर पडतं. घरच्या गाडीला किलोमीटरमागे साडेनऊ रुपयांनी जवळजवळ ११,००० लागतात. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून दोन दिवसांसाठी गाडी घेतली, तर भाडं, वेव्हर आणि दीडशे किलोमीटरचं पेट्रोल मिळून ६,५५०. चौघांची येण्याजाण्याची तिकिटं चार हजारांत बसली, तर रेल्वे स्वस्त. मात्र कुडाळला गाडी आणून देण्याचे पैसे वेगळे लावतात का, ते बुकिंगआधीच विचारून घ्या.